उन्हाळी कामाच्या वेळा, विश्रांती आणि पिण्याचं पाणी: साइटवरून वारंवार येणारे प्रश्न

फाटकावर उन्हाळी नोटीस लागली त्या दिवसापासून मुकादमांच्या ग्रुपवर, हजेरीच्या खिडकीशी आणि थेट स्लॅबवर उभं राहून तेच ते प्रश्न विचारले जात आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत. नाशिक शहर आणि आजूबाजूच्या आपल्या सगळ्या साइट्सना हे लागू आहे. सेंट्रिंग, फिटर, गवंडी, बिगारी, वॉचमन, सर्व्हेची मंडळी आणि उन्हात उभे राहणारे इंजिनिअरही यात आले.

१. नोटिशीत नेमकं काय बदललं आहे?

१ एप्रिल ते १५ जून या काळात उन्हातलं काम सकाळी ६ ते ११:३० आणि दुपारी ४ ते ६:३० असं दोन तुकड्यांत होईल. मधले साडेचार तास उघड्यावर कुणीही काम करायचं नाही. सकाळच्या तुकड्यात ८:३० ला २० मिनिटांची नाश्त्याची सुट्टी आहे आणि १० वाजता १० मिनिटं सावलीत बसायचं आहे. अंदाज ४० अंश किंवा त्याहून वरचा असेल त्या दिवशी ९:३० नंतर दर तासाला १५ मिनिटं सावली मिळेल. पाणी कामाच्या जागेपासून दोन मिनिटांच्या चालीत असलं पाहिजे. ते आणायला कुणी तीन मजले उतरत असेल तर ते पाणी असून नसल्यासारखंच.

एक बारीक गोष्ट नोटिशीत राहून गेली होती, ती इथे सांगतो. एप्रिलच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य सव्वासहानंतर उगवतो. त्यामुळे उंचीवरचं काम लख्ख उजाडल्याशिवाय सुरू करायचं नाही. तोवर खाली सळई मोजणं, प्लेटा साफ करणं, माल लावणं अशी कामं घ्यावीत. मे महिन्यात सहालाच उजाडलेलं असतं, तेव्हा ही अडचण येत नाही.

२. ऊन तर दहालाच चटके देतं. मग ११:३० ते ४ हीच वेळ का?

आपलं घड्याळ आणि नाशिकचा सूर्य यांत अर्ध्या तासाचा फरक आहे. भारतीय वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३.८ च्या आसपास आहे. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. २० मेच्या आसपास तर तो अगदी माथ्यावरून जातो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. त्या वेळी भिंतीच्या आडोशालाही सावली नसते.

पण हवेचं तापमान साडेबाराला सर्वांत जास्त नसतं. जमीन, स्लॅब, सळया आधी तापतात आणि मग त्यांच्यामुळे हवा तापत राहते. पारा सर्वांत वर जातो तो साधारण तीन-साडेतीनला. म्हणजे बाराच्या सुमाराला सूर्याचा मारा आणि तीनच्या सुमाराला हवेची भट्टी, असे दोन वेगळे त्रास एकामागून एक येतात. नुसती १२ ते २ सुट्टी दिली तर माणूस पहिल्यातून सुटतो आणि दुसऱ्यात जाऊन पडतो. पूर्वी आपण तेच करत होतो. दहाचं ऊनही सोपं नसतं, हे खरंच. म्हणून त्या वेळी सावलीची सुट्टी ठेवली आहे.

३. हजेरी पूर्ण मिळणार का?

हो. दोन तुकडे मिळून आठ तास होतात. नाश्ता आणि सावलीची मिनिटं त्यातच धरलेली आहेत, ती कापायची नाहीत. मधले साडेचार तास मात्र कामाचे नाहीत, त्यामुळे त्यांचा ओटी लागत नाही. सलग पाळी घेणाऱ्यांसाठी प्रश्न ५ आणि उक्त्या कामासाठी प्रश्न १३ पाहा.

४. नाशिकमध्ये रोज कुठे उष्णतेची लाट असते? लाट असेल त्या दिवशीच वेळा बदला ना.

हा प्रश्न बहुतेक वेळा प्लॅनिंगवाल्यांकडून येतो. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात लाट म्हणायची तर कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्तही हवं. सरळ ४५ वर पारा गेला तर नेहमीशी तुलना न करताही लाट धरतात. नाशिकला मे महिन्यात ४० अंश झाले तरी ते नेहमीपेक्षा फार वर नसल्यामुळे लाट जाहीर होत नाही. सळईवर हात ठेवणाऱ्या फिटरला या आकडेमोडीचा काहीच उपयोग नाही.

शिवाय अंदाजातला आकडा सावलीतला असतो. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून वर, वारा खेळता राहील असा ठेवलेला असतो. आपला माणूस तापलेल्या प्लायवर वाकून वर सूर्य आणि खाली चटका अशा दोन तव्यांमध्ये काम करतो. ३८ च्या दिवशीही त्याच्या वाट्याला येणारी उष्णता कितीतरी जास्त असते.

तिसरं कारण साध्या सोयीचं आहे. रोज संध्याकाळी अंदाज पाहून उद्याची वेळ कळवायची म्हटलं तर जेवणाचे डबे, रिक्षा, घरची पोरंबाळं सगळ्यांचाच घोळ होतो. म्हणून वेळा अख्ख्या मोसमासाठी ठरवल्या आणि अंदाजावर फक्त जादा विश्रांती ठेवली. मालेगावकडच्या साइटवर पारा सहसा शहरापेक्षा वर असतो. तिथले पर्यवेक्षक ही जादा विश्रांती ३८ पासूनच देऊ शकतात, त्यांना वेगळी परवानगी लागत नाही.

५. मी रोज हरसूलकडून येतो. मधल्या साडेचार तासांत मी जाऊ कुठे?

हा आक्षेप अगदी बरोबर आहे. पहिल्या नोटिशीत तो लक्षात घेतला नव्हता. कॅम्पात राहणाऱ्याला दुपारी खोलीवर जाऊन पडता येतं. रोज ये-जा करणारा मात्र साइटवरच अडकतो आणि सकाळी चारला उठून रात्री नऊला घरी पोचतो. झोप मोडलेल्या माणसाला ऊन लवकर बाधतं.

त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांसाठी सलग पाळी ठेवली आहे: सकाळी ६ ते दुपारी १, हजेरी पूर्ण. यातली ११:३० ते १ ही वेळ फक्त छताखालच्या कामाची आहे. आतला गिलावा, टाइल, शेडमधलं बार कटिंग, स्टोअरची आवराआवर यांतलं काहीही चालेल. असं काम त्या दिवशी नसेल तर ११:३० ला सुट्टी द्यायची आणि हजेरी कापायची नाही. कोण कोणत्या पाळीत हे आठवड्याच्या सुरुवातीला मुकादमाने लिहून द्यावं. रोज पाळी बदलता येणार नाही.

६. दुपारी विश्रांती घ्यायची कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये तर उकडून निघतो.

पत्र्याची शेड दुपारी विश्रांतीसाठी वापरू नका. पत्रा तापला की तो खाली उष्णता फेकत राहतो. सर्वांत चांगली जागा म्हणजे पूर्ण झालेल्या इमारतीचं खालचं पार्किंग. डोक्यावर अनेक मजल्यांचं काँक्रीट असतं आणि चारही बाजू उघड्या असल्यामुळे वारा फिरतो. तिथे चटया, पाणी आणि हात-तोंड धुवायला वेगळी बादली ठेवलेली आहे. अशी जागा नसेल तिथे दोन पदरी हिरवी शेडनेट, दोन पदरांत वीतभर अंतर ठेवून, उंच बांधायची. आधीपासून झाड असेल तर उत्तमच. ते वाचवण्याचं आता तरी कारण मिळेल.

दोन ठिकाणी मात्र कधीच पडायचं नाही. पहिलं, ताज्या स्लॅबखाली, जिथे अजून जॅक आणि टेकू उभे आहेत. तिथला गारवा मोह पाडतो, पण ती जागा माणसांसाठी नाही. दुसरं, उभ्या डंपरच्या, मिक्सरच्या किंवा जेसीबीच्या सावलीत. सूर्य सरकतो तशी सावली चाकाखाली जाते, झोपलेला माणूसही तिच्याबरोबर सरकतो आणि चालकाला तो दिसत नाही. गाडी हलवण्याआधी चालकाने खाली उतरून एक फेरी मारायची आहे, हे त्याच्या नियमातही लिहिलं आहे.

७. माणशी पाणी किती लागतं? पाच जार पुरत नाहीत का?

उन्हात काम करताना दर २० मिनिटांना एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर. तासाला पाऊण लिटर झालं. तहान लागायची वाट पाहायची नाही, कारण तहान लागते तेव्हा शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. एप्रिलमधल्या नाशिकच्या कोरड्या हवेत तर घाम आल्याचंही कळत नाही, तो अंगावरच वाळतो. शर्टाच्या पाठीवर दिसणारे पांढरे मिठाचे नकाशे हाच त्याचा हिशेब.

पाथर्डी फाट्याजवळच्या साइटचं उदाहरण घेऊ. तिथे दोन तुकड्यांत काम करणारे ३४ जण आहेत. सकाळच्या साडेपाच तासांत माणशी सव्वाचार लिटरच्या आत-बाहेर आणि दुपारी जेवताना, आडवं होताना आणखी एक लिटर, असे सव्वापाच. संध्याकाळच्या अडीच तासांत जवळपास दोन लिटर. म्हणजे दिवसाला माणशी सात लिटर आणि ३४ जणांचे २३८ लिटर. २० लिटरचे १२ जार लागतात. आपण मागवत होतो पाच, आणि "पोरं पाणी पीत नाहीत" असं वर म्हणत होतो. सकाळी दहालाच जार रिकामे व्हायचे, मग पिणार काय? आता नऊ जार सकाळी सहाच्या आत आणि तीन दुपारी साडेतीनला येतात. सगळे एकदम आणून ठेवले तर दुपारपर्यंत तापतात, म्हणून दोन खेपा.

हात-तोंड धुणं, रुमाल भिजवणं याचं पाणी या हिशेबात नाही. ते वेगळं ठेवा, नाहीतर बारा जारही पुरणार नाहीत.

जास्त पाणीही घातक असतं. एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नका. भराभर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा करतो आणि आजूबाजूचे त्याला आणखी पाणी पाजतात.

८. टाकीचं पाणी चालेल का? आणि रांजण ठेवला तर?

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी पिण्यासाठी नाही. एक तर ते बहुतेक ठिकाणी बोअरचं, बांधकामासाठी साठवलेलं असतं. दुसरं म्हणजे अकरानंतर ते चहाला ठेवल्यासारखं गरम होतं आणि गरम पाणी कुणी पुरेसं पीत नाही.

रांजण जरूर ठेवा. कोरड्या हवेत त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. त्यासाठी तो सावलीत पण वाऱ्यावर हवा, कोपऱ्यात कोंडलेला नको. तोटीचा रांजण मिळाला तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवा, कुणीही पेला बुडवायचा नाही. रोज संध्याकाळी रिकामा करून घासायचा. बाहेरून ऑइलपेंट मारू नका. एका साइटवर हौसेने निळा रंग दिला आणि मग रांजण गार करत नाही म्हणून कुंभाराला नावं ठेवली.

पाण्याची जागा शौचालय, मोरीपासून किमान सहा मीटर लांब हवी. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच हे अंतर दिलं होतं. वर "पिण्याचं पाणी" ही पाटी मराठीत आणि हिंदीत लावा, कारण आपल्याकडे बिहार-उत्तर प्रदेशचे बरेच जण आहेत.

९. ओआरएस रोज सगळ्यांना द्यायचं का?

नाही. वेळेवर जेवणाऱ्या माणसाला भाकरी-भाजी, लोणचं, मीठ घातलेलं ताक यांतून बहुतेक मीठ मिळतं. ओआरएस लागतं ते खूप घाम गेलेल्या, पायात गोळे येणाऱ्या, उलटी-जुलाब झालेल्या किंवा सकाळपासून काही न खाल्लेल्या माणसाला. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्ध पाकीट पेल्यात ढवळून प्यायची सवय मोडायला हवी. त्यात मीठ फार होतं आणि त्रास वाढतो. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचं.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव येण्यापुरतं लिंबू पिळा. कैरीचं पन्हं मीठ घालून केलेलं असेल तर तेही चांगलं. चौकातल्या गाड्यावरच्या उसाच्या रसाला आमचा विरोध नाही, त्यातल्या बर्फाला आहे. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रश्न १६ पाहा.

१०. बाया पाणी कमी पितात. त्यांना कितीदा सांगायचं?

त्यांना सांगून उपयोग नाही, शौचालयाचं बघा. या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका बिगारी मावशींनी दिलं: "पानी पिऊ, पन मग जाऊ कुठं?" साइटवर बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय नसेल तर त्या सकाळपासून मुद्दाम तहान मारतात. लघवीच्या जळजळीपासून चक्कर येऊन पडण्यापर्यंत सगळं त्यातूनच होतं.

आता नियम असा आहे की, साइटवर एक जरी बाई कामाला असली तरी असं शौचालय कामाच्या जागेजवळ हवं, आठव्या मजल्यावर काम असेल तर तळमजल्यावर एकच ठेवून भागणार नाही. ते तयार नसेल तर पर्यवेक्षकाने त्या साइटवर बायकांना उन्हातलं काम देऊ नये, आणि त्यांची हजेरीही बुडवू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना या मोसमात फक्त सावलीतलं काम द्यायचं.

११. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण काम का देत नाही? तो तरणाबांड आहे.

उन्हाने दगावणाऱ्या कामगारांत पहिल्या काही दिवसांतलेच फार असतात, वय काहीही असो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दिवस लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यात मीठ कमी जातं आणि छातीची धडधड कमी होते. हे मनाच्या जोरावर होत नाही.

नव्या माणसाला उन्हात पहिल्या दिवशी साधारण दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पावणेपाच, चौथ्या दिवशी साडेसहा आणि पाचव्या दिवसापासून पूर्ण काम. उरलेला वेळ त्याने सावलीत काम करायचं. हजेरी पूर्ण.

आता यातली फसवी बाजू. जुना, कसलेला माणूस गावी आठ-दहा दिवस राहून आला की त्याची सवय बरीचशी उतरलेली असते. अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई नेमकी याच मोसमात येते. माणूस पेठ-सुरगाण्याला जाऊन मांडवात बसतो, हळदीला रात्रभर जागतो आणि सोमवारी सकाळी थेट स्लॅबवर चढतो. एक आठवडा किंवा जास्त खाडा झालेल्या जुन्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यायचं. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल "न" लिहिलेला असतो. तो दिसला की मुकादमाने त्याला एकटं काम देऊ नये.

१२. साधी चक्कर कोणती आणि ऊन लागणं कोणतं, हे कसं ओळखायचं?

आमच्याच एका साइटवरचा प्रसंग सांगतो. एक फिटर, चाळिशीचा, भावाच्या लग्नाहून बारा दिवसांनी परत आला. त्याच दिवशी सकाळपासून सळया बांधत होता. १०:४० ला म्हणाला, डोकं जड झालंय. मुकादमाने त्याला पाणी दिलं आणि तिथेच, स्लॅबवर, बसवलं. पहिली चूक ही. ११ च्या सुमाराला तो उठला आणि नसलेल्या सळईला तार गुंडाळू लागला. जवळ गेलेल्याला त्याने शिव्या घातल्या. सगळे हसले, कालची उतरली नाही म्हणाले. दुसरी चूक ही. तिसऱ्याने त्याला नाव विचारलं, गाव विचारलं. त्याने गाव बरोबर सांगितलं, पण आज कोणता वार हे सांगेना आणि आपण कुठे आहोत हेही. त्या तिसऱ्यामुळे तो वाचला.

फरक इथेच आहे. चक्कर, थकवा, गोळे, मळमळ, भरपूर घाम, पण बोलणं ठिकाणावर असेल तर माणसाला खाली सावलीत न्या, बूट-बेल्ट सैल करा, घोट घोट पाणी द्या आणि त्या दिवशी परत उन्हात पाठवू नका. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. बोलणं भरकटलं, चाल झिंगल्यासारखी झाली, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर मात्र ते ऊन लागणं, म्हणजे उष्माघात. अंग कोरडं पडलेलंच असेल असं नाही. काम करता करता उष्माघात झालेल्याला दरदरून घामही असतो, त्यामुळे घाम पाहून निर्धास्त होऊ नका.

अशा वेळी एकाने १०८ लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी माणसाला गार करायला घ्यायचं. गाडी येईपर्यंत नुसतं थांबायचं नाही. शरीर किती वेळ तापलेलं राहतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कपडे उतरवा, क्युरिंगच्या पाइपने डोक्यापासून पायापर्यंत पाणी मारा, पुठ्ठ्याने वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी कढत येतं. ते आधी बाजूला सोडा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा ओआरएस घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. क्रोसिनसारख्या तापाच्या गोळ्यांनी हा ताप उतरत नाही, त्या देऊ नका.

तो फिटर चार दिवस दवाखान्यात होता. आता बार कटिंगच्या शेडमध्ये काम करतो आणि नव्या पोरांना वार विचारत फिरतो.

१३. आमचं काम उक्तं आहे, चौरस फुटावर. आम्ही थांबलो तर नुकसान आमचं. आम्हाला सूट द्या.

सूट नाही. सर्वांत जास्त धोका उक्त्या कामावरच्यांनाच असतो, कारण त्यांना थांबवणारं कुणी नसतं. ते स्वतःच स्वतःचे मुकादम. ११:३० ला स्लॅबवर जाणारा जिना साखळीने बंद होतो तो सगळ्यांसाठी.

पण नुकसान तुमच्या माथी मारणंही बरोबर नाही. म्हणून या मोसमात उक्त्या कामाची मुदत दर आठवड्यामागे एक दिवस वाढवून धरायची आहे आणि उशिराचा दंड लावायचा नाही. दर तोच राहील. एखादा पोटठेकेदार दंड कापत असेल तर फाटकावरच्या फलकावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवा. नाव सांगायची सक्ती नाही, साइट आणि तारीख पुरे.

१४. स्लॅब दुपारी बाराला मध्येच कसा सोडायचा?

सोडायचा नाही, म्हणूनच दुपारपर्यंत रेंगाळेल असा स्लॅब सुरूच करायचा नाही. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये असं मानक सांगतं. भर उन्हात खडी तापलेली, मिक्सरची गाडी रस्त्यात अडकलेली, अशा वेळी मालही बिघडतो आणि स्लॅबला तडे जातात. माणसांसाठी ठरवलेली वेळ काँक्रीटलाही मानवते, हे इंजिनिअर लोकांनी लक्षात घ्यावं.

लहान स्लॅब सकाळी ६ ला सुरू करून ११ च्या आत संपवा. मोठा असेल तर संध्याकाळी ५ ला सुरू करा. मात्र निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडसारख्या वस्तीत पंप आणि व्हायब्रेटर ९:३० पर्यंत बंद होतील इतकाच भाग घ्या आणि जोड कुठे सोडायचा ते आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

तरीही गाडी उशिरा आली, पंप बंद पडला आणि अर्धा स्लॅब बाराला उरला, असं होतंच. तेव्हा फक्त लागतील तेवढीच माणसं वर ठेवायची, दर २० मिनिटांनी त्यांची अदलाबदल करायची आणि एकाने फक्त पाणी देणं व माणसांकडे बघणं एवढंच करायचं. लाल "न" वाला माणूस त्यात नको. झाल्यावर त्या गटाला संध्याकाळची सुट्टी, हजेरीसकट. असं महिन्यात दोनदा झालं तर ती अडचण राहत नाही, ती प्लॅनिंगची चूक ठरते आणि तशीच विचारली जाईल.

१५. वॉचमन, सर्व्हेवाले आणि माल आणणारे चालक यांचं काय?

वॉचमनची जागा फाटकावरच असते, त्यामुळे त्याच्या वेळा बदलत नाहीत. त्याची चौकी पत्र्याची असेल तर वर शेडनेट आणि आत पंखा हवा. दुपारी त्याला जेवायला सोडायला बदली माणूस द्यायचा. सर्व्हेचं काम सकाळी १०:३० च्या आत उरकायचं. नुसतं यंत्रावर छत्री धरून भागत नाही, प्रिझमचा दांडा धरणारा पोरगा लांब उन्हात उभा असतो, तो विसरला जातो. बाहेरच्या चालकांना पाणी आणि सावलीची जागा खुली आहे, पण माल उतरवणं ११:३० ते ४ बंद.

१६. उपवास असेल, बीपीची गोळी सुरू असेल तर सांगायचं का?

सांगा. त्यामुळे काम जाणार नाही, फक्त जागा बदलेल. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी काढतात, काहींमुळे छातीचे ठोके उन्हाप्रमाणे वाढू शकत नाहीत. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना "मी उन्हात काम करतो" एवढं आठवणीने सांगा. मीठ किंवा ओआरएसही त्यांना विचारूनच.

चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेच्या सुमाराला उपवास करणारे बरेच असतात. पाणी, ताक, सैंधव घातलेलं लिंबूपाणी चालत असेल तर नेहमीचं काम करा. निर्जळी असेल तर त्या दिवशी उन्हातलं काम मिळणार नाही. रात्री दारू घेतलेल्यालाही तोच नियम, कारण दारू रात्रभर शरीरातलं पाणी काढत असते.

१७. ढग आले, वळवाचा पाऊस पडून गेला. आता तरी जुन्या वेळा लावायच्या का?

नाही, वेळा १५ जूनपर्यंत त्याच. पाऊस पडला की गार वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की हवा दमट होते. पारा ३६ दाखवतो, पण घाम अंगावरून नुसता ओघळतो, उडून जात नाही. घाम उडाला तरच शरीर गार होतं, ओघळलेला घाम वायाच गेला. ढगांमुळे चटका जाणवत नाही म्हणून माणसं जोरात काम करतात आणि पाणी कमी पितात.

अशा दिवसाची खूण रांजणच देतो. पाणी नेहमीसारखं गार लागलं नाही तर हवा दमट आहे आणि आपला घामही तसाच उडत नाही, असं समजायचं. त्या दिवशी पर्यवेक्षकाने आकडा न पाहता दर तासाची १५ मिनिटं सुरू करायची आणि जारवाल्याला थंड जार पाठवायला सांगायचं.